मेसेज मिळाला हं

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात पाय ठेवायला जागा नसते. मे महिना होता. उन्हाचा ताव उतरला नव्हता आणि खाली कोथिंबिरीच्या देठांवर पाणी मारून मारून निसरडं झालं होतं. मेथीच्या ढिगाशी मी वाकले आणि समोरून तीही वाकली. शाळेपासूनची मैत्रीण. दोघींचे हात जुडीवर तसेच राहिले. "बरी आहेस?" मी विचारलं. "बरी आहे की," ती म्हणाली. मग मी बोलायला लागले. तिची आई, माझ्या काकू, गेल्या तेव्हा नेमकं मार्च एंड, बँकेत रात्रीचे नऊ वाजत होते, रक्षेला आमचे हे आले होते, बाराव्याला मी मुलाच्या परीक्षेसाठी पुण्यात होते. सगळं खरं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पिशवीचा बंद खांद्यावर सरकवला आणि म्हणाली, "असू दे गं. तुझा मेसेज मिळाला हं."

आवाजात राग नव्हता. टोमणा तर मुळीच नव्हता, तो तिचा स्वभावच नाही. पार्सल मिळाल्याची पोच द्यावी तसं ती ते बोलली. मी मेथी न घेताच घरी आले आणि रात्री फोनवर तो मेसेज शोधून वाचला. "काकूंच्या आत्म्यास शांती लाभो. भावपूर्ण श्रद्धांजली. काही लागलं तर सांग." खाली तिचे जोडलेले दोन हात. त्याच्या वर आणि खाली काहीच नाही. ज्या बाईने मंगळवार पेठेतल्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात मला मांडीवर घेऊन वेण्या घातल्या, शाळा सुटल्यावर स्वतःच्या लेकीच्या ताटात मलाही गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, तिच्यासाठी मी हे लिहिलं होतं. त्यात नाव बदललं असतं, तर ते कुणाच्याही आईला चाललं असतं.

त्या रात्री मला माझ्या आईची फार आठवण आली.

आईला याबाबतीत कधी प्रश्न पडला नाही. निरोप आला की ती क्षणभर थांबायची आणि ठरवून टाकायची. "ज्या घरात जेवलोय, त्या घरात जायचं. ज्याच्याशी वाटेत थांबून बोलतो, त्याला रक्षेला गाठायचं. ज्याला नुसतं तोंडओळखीनं ओळखतो, त्याला कुणाबरोबर तरी निरोप द्यायचा." एवढंच तिचं शास्त्र होतं आणि ते चुकल्याचं मला आठवत नाही. आईच्या हिशेबाने काकूंचं घर पहिल्या पायरीवरचं होतं. मी तिथे तिसऱ्या पायरीवरचा निरोप धाडला आणि दुसऱ्या पायरीसाठी नवऱ्याला पाठवलं. घरातलं एक माणूस जाऊन आलं की सगळ्यांचं झालं, असं आपण धरून चालतो. माणसाच्या हजेरीपुरतं ते खरंही असेल.

कोल्हापुरात तर ही हजेरी फार नीट बसवलेली आहे. सकाळच्या पेपरात निधनाच्या बातमीतलं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, रक्षाविसर्जन अमुक दिवशी सकाळी इतक्या वाजता. माणसं पेपर उलटा धरून आधी तेच वाचतात. मग त्या सकाळी पंचगंगा स्मशानभूमीत पांढरे शर्ट जमतात. नदीकडून गार वारा येत असतो, शेण्यांच्या राखेचा वास अंगाला चिकटतो, आणि शेवटी घरची माणसं एका रांगेत उभी राहतात. बाकीचे समोरून हात जोडत पुढे सरकतात. एकेका माणसाच्या वाट्याला दोन सेकंद. कुणी काही बोलावं अशी अपेक्षाच नसते. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याची यात मोठी सोय आहे, आणि घरच्यांचीही, कारण एका तासात तीनशे माणसं येऊन जातात आणि कुणालाही उत्तर द्यावं लागत नाही. मी या पद्धतीला नावं ठेवणार नाही. गर्दी दिसली की घराला आधार वाटतो, हे मी स्वतः अनुभवलंय. पण रक्षेहून परतलेल्या माणसाला विचारलं, घरचं माणूस कसं आहे, तर सांगता येत नाही. आमच्या ह्यांनाही सांगता आलं नव्हतं. "होती उभी. डोळे सुजले होते," एवढंच ते म्हणाले.

दारात बसण्याची बाजू मला २००९ साली कळली, आण्णा गेले तेव्हा. ऑगस्टचा पाऊस होता. तालमीतल्या पोरांनी खुर्च्या आणून गल्लीत ताडपत्री बांधली होती. उंबऱ्याशी ओल्या छत्र्यांचा ढीग होता आणि त्यांचं पाणी ओघळून सतरंजीच्या कडेपर्यंत यायचं. बायका आत आईजवळ, पुरुष बाहेर भावाजवळ. येणारा प्रत्येक जण टेकायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि विचारायचा, "कसं झालं हो?" मग भाऊ सांगायचा. रात्री अडीचला कळ आली, रिक्षा मिळेना, शेजारच्या काकांनी गाडी काढली. पहिल्या दिवशी हे सांगायला त्याला वीस मिनिटं लागत होती. तिसऱ्या दिवशी त्याची चार वाक्यं झाली होती, आणि ती म्हणताना तो समोरच्याकडे न बघता खुर्चीच्या हातावरचा चरा नखाने खरवडत असायचा. त्याने स्वतःला वाचवायची एक वाट शोधली होती.

आईला ती वाट सापडली नाही. तिला गोष्ट लहान करता येत नव्हती. "पाणी मागितलं, मी तांब्या घेऊन आले तोवर..." इथे ती दर वेळी थांबायची. ऐकणारी बाई पदराने डोळे टिपायची, आई पुन्हा पाण्याच्या माठापासून सुरू करायची. एका संध्याकाळी मी मोजलं. नऊ वेळा ती त्या माठापर्यंत जाऊन आली. विचारणाऱ्यांतलं कुणीच वाईट नव्हतं. काहीतरी बोलायला हवं, आणि हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडात तयार असतो. शिवाय पहिल्या दिवशी सांगण्याने तिचं मन मोकळं होत होतं, हेही मी पाहिलं. पण नवव्या वेळी तसं होत नव्हतं. तेव्हापासून मी हा प्रश्न विचारत नाही. कसं झालं ते गल्लीच्या कोपऱ्यावर, जावयाकडून, शेजारणीकडून कळतंच. ते विचारून घेऊन मगच आत जायचं.

आणि किती वेळ बसायचं?

एक गृहस्थ आण्णांच्या कारखान्यातले, फार जीव लावणारे. साडेचारला आले आणि आईसमोर बसून राहिले. निघालो तर बरं दिसणार नाही, असं त्यांना वाटत असणार. बोलणं आण्णांवरून कारखान्यावर गेलं, कारखान्यावरून उसाच्या दरावर आणि तिथून पुढच्या निवडणुकीवर. आई मान हलवत होती. तिला मधुमेह होता. साडेसातला शेजारणीने डब्यातून पिठलं-भाकरी आणून ठेवली, आईने सवयीने गोळी घेतली, पण पाहुण्यांसमोर ताट कसं घ्यायचं म्हणून ती तशीच बसली. गोळी पोटात गेली आणि जेवण लांबलं की साखर खाली येते. साडेआठला तिचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. सगळ्यांना वाटलं, आठवणीने कासावीस झाली. वहिनीच्या लक्षात आलं, तिने साखरेचं पाणी पाजलं. ते गृहस्थ घाबरून आणखी अर्धा तास बसले.

त्यामुळे मी मनाशी वीस मिनिटं धरलीत. पहिल्या चार-पाच दिवसांत याहून जास्त नाही. घड्याळाकडे बघावंही लागत नाही, कारण खोलीच सांगते. दारात नवी चार माणसं येऊन उभी राहिली की आपली जागा त्यांची झाली. घरातलं माणूस आतल्या दाराकडे दोनदा बघतं, तेव्हा आत काहीतरी खोळंबलेलं असतं. जेवण, अंघोळ, औषध, किंवा नुसतं एकटीने रडणं. आणि आलेल्या मंडळींच्या गप्पा उसाच्या दरावर पोचल्या की भेट केव्हाच संपलेली असते. जेवणाच्या तासभर आधी उठायचं. उठताना काही बोलायचं नाही, हे तर आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. एरवी "जातो" म्हटलं की मोठी माणसं ओरडतात, "येतो म्हणावं." फक्त दुःखाच्या घरातून "येतो" म्हणायचं नाही. नुसतं हात जोडून चपला पायात सरकवायच्या. लहानपणी मला त्या मुक्याने उठण्याची भीती वाटायची. आता वाटतं, त्यामुळे घरच्या बाईला "बसा की अजून" म्हणायची पाळी येत नाही, ते किती बरं.

पण वेळेचा हा हिशेब फक्त समोर बसणाऱ्याला लागू आहे. माझी धाकटी आत्या त्याच दिवसांत रोज चार-चार तास असायची आणि ती आहे हे कुणाला जाणवायचं नाही. शेजारून किटलीभर चहा यायचा, कप विसळायला ती मोरीपाशी उभी. कुणाचा फोन आला तर ती घ्यायची, दुधाचा हिशेब तिने पाहिला, आईच्या गोळ्यांच्या वेळा त्या रात्रीनंतर कॅलेंडरवर तिने लिहिल्या. आईशी ती दिवसभरात दहा वाक्यं बोलली नसेल. जी हाताने काही करते आहे, तिला चार तासही थोडे पडतात.

फोनचं मला कळलं ते २०२१ मध्ये. मामा गेले तेव्हा अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. रक्षेला रांग नाही, दारात चपला नाहीत, कडू घासाचा डबा कुणीतरी पायरीवर ठेवून लांबून हाक मारली. मामी आतल्या खोलीत एकटी, आणि तिच्या हातात फोन. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवशीचे फोन तर तिला नकोच होते. त्याच फोनवर मुलगा रुग्णवाहिकेची, कागदांची वाट बघत होता आणि मधेच कुणाचं तरी सांत्वन यायचं. पुढचे दिवसही सोपे नव्हते. समोर बसलेलं माणूस गप्प राहिलं तर ती सोबत असते. फोनवर गप्प राहिलं की पलीकडून येतं, "हॅलो? ऐकू येतंय का? हॅलो?" मामीचा आवाज दाटून यायचा, ती थांबायची, आणि तेवढ्यात ते हॅलो. मग तिला हुंदका गिळून म्हणावं लागायचं, "येतंय, येतंय. बोला." मी ते किती वेळा ऐकलं.

एक भाची मात्र बेंगळुरूहून चौथ्या दिवशी संध्याकाळी सातला फोन करायची ठरवून बसली होती. तिने आधीच सांगितलं, "मामी, मी तीन मिनिटंच बोलणार. तू काही बोलू नकोस, रडलीस तरी चालेल, मी फोन ठेवणार नाही." तिने मामांची एक आठवण सांगितली, रंकाळ्यावर भेळ खाताना त्यांनी तिला पहिल्यांदा गाडी चालवायला दिली ती. मग म्हणाली, "आता ठेवतो. उद्या याच वेळी." आणि दुसऱ्या दिवशी खरोखर याच वेळी. आठवडाभर. सात वाजत आले की मामी चष्मा लावून फोन जवळ ओढून बसायची. येता येत नसेल तर फोन असा करायचा, हे मी तिच्याकडून शिकले. ठरलेली वेळ, थोडा वेळ, आणि समोरच्याच्या मुकेपणाला आधीच परवानगी.

मेसेजचंही त्याच घरात पाहिलं. मामींच्या फोनवर दोनेकशे चित्रं आली असतील, पणतीची, कमळाची, हात जोडलेली. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाखाली एक "भावपूर्ण श्रद्धांजली", इतकी, की सकाळचं दुधाचं विचारलेलं त्याखाली गाडलं गेलं. तिने ती बघितलीसुद्धा नाहीत. एक मेसेज मात्र तिने माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला. मामांच्या शाळेतला कुणी जुना विद्यार्थी होता. त्याने लिहिलं होतं की दहावीच्या परीक्षेची फी सरांनी भरली, हे घरी कुणाला सांगू नकोस म्हणाले, म्हणून आजवर सांगितलं नाही. आणि शेवटी, "काकू, उत्तर देऊ नका." मामीला ही गोष्ट माहीतच नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारातलं नवऱ्याचं एक नवं काहीतरी तिला त्या दिवशी मिळालं. चार ओळींचा मेसेज कुठवर पोचू शकतो, याला मी साक्षी आहे. म्हणून माझ्या त्या मेसेजचं मला जास्तच लागलं. वेण्या, भाकरी, चटणी यातलं काहीही मी लिहू शकले असते. उलट "काही लागलं तर सांग" म्हणून मागण्याचं कामही तिच्यावरच ढकललं.

मार्केटातल्या भेटीनंतर दोन दिवसांनी मी तिला लिहिलं. "उद्या साडेचारला येऊ का? चहा टाकू नकोस. नको असेल तर नुसतं नको लिही." काकूंना जाऊन सात आठवडे झाले होते. आता जाऊन काय सांगायचं, जुनी जखम कशाला उघडायची, असं एक मन म्हणत होतं. पण आण्णांच्या वेळचं आठवलं. बारावं झालं, खुर्च्या तालमीत परत गेल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात घर इतकं मोकळं झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. तेव्हा आण्णांचे एक जुने शेजारी सहज आले होते. आईने त्यांना माठाची गोष्ट सांगितली नाही. आण्णा लग्नात कसे लाजत होते ते सांगितलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली. मैत्रिणीचं उत्तर आलं, "ये की."

रिकाम्या हाताने जाववेना. फुलं, फळं तर हॉस्पिटलात नेतात तशी वाटली. शेवटी मार्केटातल्या त्याच भाजीवालीकडून मेथीच्या चार जुड्या घेतल्या, त्या दिवशी राहिलेल्या. तिने दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि आतून पेपर आणून स्वयंपाकघरात जमिनीवर पसरला. आम्ही मेथी निवडायला बसलो. तेच चिंचोळं स्वयंपाकघर, तीच खिडकी. ओट्याच्या कोपऱ्यात काकूंचा चष्मा डबीत ठेवलेला होता, कुणी उचललेला नव्हता. मी कशालाही हात घातला नाही, काही विचारलं नाही. पानं खुडण्याचा बारीक आवाज येत राहिला. बोटं हिरवी झाली, मेथीचा कडवट वास खोलीत भरला. दुसरी जुडी संपत आली तेव्हा मी म्हणाले, "वेणी घालताना काकू फार ओढायच्या. डोळ्यांत पाणी यायचं माझ्या."

ती थांबली. मग म्हणाली, "शेवटी शेवटी मी घालत होतो तिची. एवढीशी राहिली होती. शेंडीएवढी." आणि करंगळी दाखवली. त्यानंतर ती बोलत राहिली. दवाखान्याचं नाही बोलली फारसं. काकू दुपारी झोपेत हिशेब पुटपुटायच्या ते, धाकट्या सुनेला आपली पाटली द्यायची का नाही यावरून दोघींचं झालेलं भांडण, आणि ते मिटायच्या आत त्या गेल्या ते. हे शेवटचं सांगताना ती रडली. मी मान खाली घालून देठं वेगळी करत राहिले. मधेच ती म्हणाली, "एवढी माणसं आली, पण हे कुणाला सांगायचं? सगळी आईला देवमाणूस म्हणत होती." मला काही सुचलं नाही. मी पुढची जुडी सोडली.

मी वीस मिनिटांसाठी गेले होते. चौथी जुडी संपली तेव्हा सहा वाजून गेले होते, आणि नळाला पाणी आलं म्हणून ती उठली. तीच माझी उठायची वेळ. निवडलेली अर्धी भाजी तिने माझ्याच पिशवीत कोंबली. मी चपला घातल्या, सवयीने हात जोडले आणि काही न बोलता वळले. सुतक फिटून महिना उलटला होता, पण त्या दारातून तोंडातून शब्द निघेना.

ती बादलीवरचा हात न काढता आतून म्हणाली, "येतो म्हण की गं. आता चालतंय."